पाळीव कुत्र्याचा महापालिका परवाना: अर्ज लसीच्या कार्डावर का अडतो

महाराष्ट्रातील महापालिकांच्या हद्दीत कुत्रा पाळणाऱ्याने त्याची नोंदणी करून दरवर्षी परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या अनुसूचीत कुत्र्यांची नोंदणी, गळ्यातील पट्टा आणि त्याला अडकवायचा धातूचा बिल्ला यांविषयी तरतूद आहे, तर केंद्र सरकारच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची जबाबदारी मालकावर टाकली आहे. अर्ज साधा असतो: मालकाचे ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचे छायाचित्र, रेबीज प्रतिबंधक लसीचा दाखला आणि शुल्क. तो ऑनलाइन किंवा क्षेत्रीय कार्यालयात, जिथे जी सोय असेल तिथे करता येतो. शुल्क प्रत्येक महापालिकेचे वेगळे असते आणि अधूनमधून बदलते, म्हणून शेजाऱ्याने सांगितलेल्या आकड्यावर न जाता चालू वर्षाचे दरपत्रक पाहावे. परवाना प्रत्येक कुत्र्याचा स्वतंत्र असतो.

शुल्क भरूनही अर्ज परत आला, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचे घोडे लसीच्या दाखल्यावर अडलेले असते. घरात कार्ड असते, त्यावर रंगीत स्टिकर असतात, डॉक्टरांची सही असते, आणि तरीही ते कार्ड चालत नाही. याचे सर्वांत नेहमीचे कारण असे की, स्टिकर दुसऱ्याच लसीचा असतो. पिल्लाला दिली जाणारी एकत्रित लस डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टोस्पायरोसिस अशा आजारांसाठी असते; ‘नाइन इन वन’ म्हटले की त्यात सगळे आले, असा मालकांचा समज होतो. प्रत्यक्षात अशा लसीत रेबीज असेलच असे नाही, आणि बहुतेक वेळा रेबीजची लस वेगळी टोचलेली असते. म्हणून कार्डावर ‘रेबीज’ हा शब्द छापलेला वेगळा स्टिकर किंवा तशी स्पष्ट नोंद आहे का, हे अर्ज भरण्याआधी पाहावे. त्या नोंदीसमोर टोचल्याची तारीख, पुढील लसीची तारीख, बॅच क्रमांक, पशुवैद्यकाची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक असावा. शिक्का नसेल तर त्याच दवाखान्यात जाऊन तो मारून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. पण अर्ज नामंजूर झाल्यावर तेच काम आठवड्यांवर जाते.

ऑनलाइन अर्जात आणखी एक अडचण येते. कार्डाच्या पहिल्या पानावर मालकाचे नाव, कुत्र्याचे नाव, लिंग, रंग आणि जन्मतारीख असते, आणि लसीची नोंद आतल्या पानावर. बरेच जण फक्त स्टिकरचे पान अपलोड करतात. तपासणाऱ्याच्या दृष्टीने तो स्टिकर कोणत्याही कुत्र्याचा असू शकतो, म्हणून अर्ज परत येतो. आणि परत आल्याचे कारण म्हणून ‘कागदपत्रे अपूर्ण’ एवढेच दोन शब्द लिहिले जातात. कोणते पान हवे हे लिहायला एक ओळ पुरली असती, पण ती लिहिली जात नाही, याची चीड येणे स्वाभाविक आहे. तेव्हा दोन्ही पाने एकाच फाइलमध्ये जोडावीत.

नावांचाही मेळ बसावा लागतो. कार्ड पत्नीच्या किंवा मुलाच्या नावावर आणि अर्ज पतीच्या नावावर, किंवा कार्डावर आधीच्या मालकाचे नाव, असे फार वेळा घडते. अर्ज ज्याच्या नावाने करायचा त्याच्या नावाचे कार्ड पशुवैद्यकाकडून आधीच करून घ्यावे. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या जातीपुढे मनाने काही विदेशी नाव लिहू नये. ‘देशी’ असे लिहावे आणि कार्डावर व अर्जात तेच ठेवावे.

ज्यांच्याकडे कार्डच नाही, त्यांची अडचण खरी आहे. औषधाच्या दुकानातून लस आणून ओळखीच्या माणसाकडून टोचून घेतली असेल, तर तिचा दाखला नंतर कोणीही देऊ शकत नाही, आणि तसा दाखला मागून पशुवैद्यकाला अडचणीतही आणू नये. अशा वेळी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने लस पुन्हा टोचून घेणे हाच मार्ग राहतो. कार्ड हरवले असेल तर दवाखान्याच्या नोंदवहीवरून दुय्यम दाखला मिळू शकतो. 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी होणाऱ्या मोफत शिबिरांत लस घेतली, तर तिथून सही-शिक्क्याचा कागद घेतल्याशिवाय निघू नये. पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर दिली जाते. त्याआधी लसीचा पुरावा मागणाऱ्या अर्जाची घाई करण्यात अर्थ नाही.

आता मुदतीविषयी. परवाना घेतला त्या दिवसापासून बारा महिने चालतो, असे बहुतेकांना वाटते. अनेक महापालिकांत मात्र तो आर्थिक वर्षाचा, म्हणजे 1 एप्रिल ते 31 मार्च असा असतो. जानेवारीत काढलेला परवानाही मग 31 मार्चलाच संपतो. याउलट लसीची मुदत टोचल्याच्या तारखेपासून मोजली जाते. ही दोन वर्षे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि नूतनीकरण अडते ते इथेच.

समजा, एका कुत्र्याला 12 एप्रिल 2025 रोजी रेबीजची लस दिली आणि कार्डावर पुढील तारीख 12 एप्रिल 2026 अशी लिहिली. परवाना 31 मार्च 2026 ला संपला. मालकाने 18 एप्रिलला नूतनीकरणाचा अर्ज केला. त्या दिवशी लसीची मुदत उलटून सहा दिवस झाले होते, त्यामुळे अर्ज परत आला. त्यांनी 20 तारखेला लस टोचून पुन्हा अर्ज केला, पण तोवर मुदतीनंतरचा अर्ज म्हणून, जिथे विलंब शुल्काचा नियम आहे तिथे, तेही भरावे लागणार. याच मालकाने वार्षिक लस एप्रिलऐवजी मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेतली असती, तर नवे कार्ड हातात घेऊन 31 मार्चपूर्वी अर्ज करता आला असता, आणि पुढच्या वर्षीही मार्चमध्येच दोन्ही कामे एकत्र उरकली असती. ज्यांच्या कुत्र्याची लस एप्रिल किंवा मे महिन्यात येते, त्यांनी ती महिना-दीड महिना अलीकडे घेता येईल का, हे पशुवैद्यकाला जरूर विचारावे. काही लसींची मुदत एक वर्षापेक्षा अधिक असते. पण अर्ज तपासणारा कार्डावरची पुढील तारीखच पाहतो, म्हणून ती स्पष्ट लिहून घ्यावी.

पत्त्याच्या पुराव्यात भाडेकरूंची ओढाताण होते, कारण वीजबिल आणि मिळकतकराची पावती घरमालकाच्या नावावर असते. नोंदणीकृत भाडेकरार जोडावा, आणि कराराची मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावे. सोसायटीचे ना-हरकत पत्र आणा, असे तोंडी सांगितले गेले, तर ते अर्जाच्या कागदपत्रांच्या यादीत आहे का, हे विचारावे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे तिथे शांतपणे दाखवून द्यावे.

परवान्याबरोबर बिल्ला मिळाला, तर तो कपाटात ठेवू नये. पट्टा आणि बिल्ला नसलेला कुत्रा फाटकातून बाहेर पडला, तर निर्बीजीकरणासाठी भटकी कुत्री पकडणारे पथक त्याला भटका समजून नेऊ शकते, आणि तो परत मिळेपर्यंत शस्त्रक्रिया होऊन त्याच्या कानाला खूणही केलेली असू शकते. शहर बदलले, तर नव्या महापालिकेत नवी नोंदणी करावी लागते, आणि जुन्या ठिकाणी तसे लेखी कळवून पोच घ्यावी. कुत्रा वारल्यावरही हेच करावे, म्हणजे त्याच्या नावावर थकबाकी दिसत राहणार नाही.