एक योद कमी पडला की

मराठीतल्या सगळ्या मात्रा काढून टाका. ‘कळ’ एवढंच उरलं तर ते काळ, केळ, कळी की कोळी? हिब्रू वाचणारा रोज अशाच मजकुरातून वाट काढतो. तिच्या 22 अक्षरांत फक्त व्यंजनं आहेत. स्वर दाखवणारे टिंब-रेषा, म्हणजे निक्कूद, बायबल, कविता आणि लहान मुलांच्या पुस्तकांत दिसतात. एरवी ते गाळतात.

उदाहरणार्थ ख-द-श ही तीन अक्षरं. खदाश म्हणजे नवा, खोदेश म्हणजे महिना, खिदेश म्हणजे त्याने नूतनीकरण केलं. निक्कूदशिवायच्या जुन्या ‘अपुऱ्या’ लेखनात तिन्ही शब्द सारखेच दिसतात. म्हणून ‘पूर्ण’ लेखनाची पद्धत आली. ओ किंवा ऊ असेल तिथे वाव हे अक्षर घालायचं, इ असेल तिथे योद. महिन्यात वाव येतो, नूतनीकरणात योद, आणि उघडं ख-द-श ‘नवा’साठी उरतं.

म्हणजे पूर्ण लेखनात योद नसणं हीसुद्धा माहिती ठरते. खरा घोटाळा इथेच होतो, कारण लिहिणारा जुन्या पद्धतीचा आणि वाचणारा नव्या पद्धतीचा असू शकतो. ‘हू ख-द-श’ असं वाक्य घ्या. हू म्हणजे तो. हिब्रूत वर्तमानकाळी ‘आहे’ लिहीत नाहीत, त्यामुळे नव्या सवयीचा वाचक ‘तो नवा आहे’ असं वाचेल. लेखकाला मात्र ‘त्याने नूतनीकरण केलं’ म्हणायचं असेल. पुढे ‘एत’ हा कर्म दाखवणारा शब्द आणि ‘करार’ आला, तर वाचक मागे येऊन क्रियापद वाचतो. वाक्य तिथेच संपलं तर आसपासच्या ओळींत शोधावं लागतं. मी अशा वेळी त्याच पानावर दिबेर, म्हणजे ‘तो बोलला’, हा शब्द बघतो. त्यात योद असेल तर लेखक पूर्ण पद्धतीचा, आणि मग इतर ठिकाणी योद नसण्यावर भरवसा ठेवता येतो.

नियमही बदलत आले. खोख्मा म्हणजे शहाणपण आणि खखामा म्हणजे शहाणी स्त्री. हिब्रू भाषा अकादमीच्या जुन्या नियमांनुसार दोन्ही शब्द एकाच चार अक्षरांत लिहिले जात. 2017च्या नियमांनी शहाणपणाला वाव दिला. अनेक लोक तो आधीपासूनच लिहीत होते. त्यामुळे जुना मजकूर शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहावी लागतात, आणि वाव नसलेल्या रूपासोबत शहाण्या स्त्रियाही निकालात येतात.

पूर्ण लेखनालाही मर्यादा आहे, कारण वाव एकटाच तीन कामं करतो: व, ओ आणि ऊ. द-वाव-द हे दोद, म्हणजे काका किंवा मामा, असू शकतं. दूद, म्हणजे पाणी तापवायचा बॉयलर, असू शकतं. किंवा दाविद हे नाव. बायबलच्या शमुवेलाच्या पुस्तकांत दाविद बहुधा योदशिवाय लिहिलेला आहे, तर इतिहासाच्या पुस्तकांत योदसह. आजही बहुतेक इस्रायली दाविद आपलं नाव तीनच अक्षरांत लिहितात, आणि तो काका की दाविद हे वाचकाला पुढच्या शब्दावरूनच ठरवावं लागतं.