पार्श्वभूमी: ‘बेक’ या एका शब्दाचे दोन अर्थ आणि कोसळणाऱ्या खोक्यांची थप्पी

खोक्यांची थप्पी कोसळवायची आणि ती हालचाल गेम इंजिनात किंवा वेबपानावर न्यायची, हे काम ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये आज रोजचं झालं आहे. तरी हातात आलेल्या फाइलमध्ये खोकी जागची हलतच नाहीत, ही तक्रार थांबलेली नाही. याचं मूळ भौतिकीत कमी आणि एका शब्दाच्या इतिहासात जास्त आहे. तो शब्द म्हणजे ‘बेक’.

घट्ट, म्हणजे आकार न बदलणाऱ्या वस्तूंच्या टकरी गणिताने सोडवायचे प्रयत्न संगणक-चित्रणात 1980च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. तेव्हा सगळ्या स्पर्शबिंदूंवरची बलं एकाच वेळी, अचूक काढायचा आग्रह होता. वस्तू वाढल्या की ते गणित जड व्हायचं. 2000नंतर खेळांच्या दुनियेत दुसरी पद्धत रुजली. तीत एकेक स्पर्श घ्यायचा, तेवढा दुरुस्त करायचा, मग पुढचा, आणि ही फेरी पुन्हापुन्हा मारायची. बुलेट हे मुक्त स्रोताचं इंजिन याच पद्धतीचं आहे आणि ब्लेंडरमधल्या घट्ट वस्तू त्यावरच चालतात.

थप्पी हा या पद्धतीचा सर्वांत कठीण पेपर आहे, तो का हे समजून घेण्यासारखं आहे. जमिनीचा आधार सर्वांत खालच्या खोक्याला लगेच मिळतो, पण बाराव्या खोक्यापर्यंत त्याची खबर फेऱ्याफेऱ्यांनीच पोचते. या फेऱ्यांचा आकडा, `Solver Iterations`, मुळात 10 असतो. सोडवणारा आधीच्या पावलाचं उत्तर हाताशी धरूनच सुरुवात करतो, म्हणून पाच-सहा खोक्यांपर्यंत बहुधा निभावतं. बारा खोक्यांचा मनोरा मात्र धक्का न लागताच किंचित दबतो, थरथरतो आणि कधी आपोआप कलतो. आकडा 50 केला की फरक डोळ्यांना दिसतो. वरची खोकी खालच्यांपेक्षा खूप जड ठेवली, तर 50ही पुरत नाहीत.

ब्लेंडरच्या बाबतीत पहिला टप्पा 2.4 मालिकेच्या आवृत्त्यांतला. 2006च्या सुमारास बुलेट आलं ते ब्लेंडरच्या स्वतःच्या गेम इंजिनाच्या पोटात. ॲनिमेशनसाठी त्याचा उपयोग करायचा, तर मेनूतून हालचालीची नोंद चालू करायची, `P` दाबून खेळ सुरू करायचा आणि थप्पी कोसळली की `Esc` दाबायचं. खोक्यांवर थेट हालचालीचे वक्र उमटलेले असायचे. गेम इंजिनातल्या मांडणीमुळे हे अवघड वाटायचं, पण एक गोष्ट निःसंदिग्ध होती: हाती येत होत्या त्या की-फ्रेमच, म्हणजे ठरावीक फ्रेमला वस्तू कुठे असेल याच्या नोंदी. ‘बेक’ म्हणावं लागेल अशी वेगळी पायरीच नव्हती.

फेब्रुवारी 2013मध्ये 2.66 आलं आणि घट्ट वस्तूंचं भौतिकशास्त्र गेम इंजिनातून निघून सरळ टाइमलाइनवर बसलं. हा मोठाच बदल होता. त्याबरोबर एक निर्णयही आला, ज्यावर आजही मतं विभागलेली आहेत. कापड आणि कण यांच्यासाठी आधीपासून असलेली कॅशेची, म्हणजे काढलेला हिशेब साठवून ठेवायची, व्यवस्था खोक्यांनाही लावली गेली. त्या कॅशेच्या पॅनलमधल्या बटणाचं नाव `Bake`. त्याच वेळी ऑब्जेक्टच्या मेनूत दुसरी आज्ञा आली, तिचं नाव `Bake to Keyframes`. एकाच कामाच्या दोन टोकांना एकच क्रियापद मिळालं.

पहिलं बटण काय करतं? फ्रेमगणिक प्रत्येक खोक्याची जागा आणि दिशा कॅशेत लिहितं आणि त्याला कुलूप लावतं. त्यानंतर खोकं हलवा, घर्षण बदला, काही होत नाही. कुलूप काढल्याशिवाय नवा हिशेब सुरूच होत नाही. याचा फायदा खरा आहे: कोणत्याही फ्रेमवर उडी मारता येते आणि रेंडर करताना वेगळ्या संगणकावर वेगळी पडझड होण्याचा धोका टळतो. पण खोक्याच्या स्वतःच्या वक्रांत या बटणाने एक अक्षरही लिहिलं जात नाही. ही कॅशे ब्लेंडरची खासगी वही आहे. एफबीएक्स किंवा जीएलटीएफ या निर्यातीच्या फाइलींत तिला जागा नाही.

दुसरी आज्ञा खोक्याच्या `Location` आणि `Rotation` वर खऱ्याखुऱ्या की-फ्रेम टाकते. निर्यातीला लागतात त्या याच. इतर काही ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये ‘बेक सिम्युलेशन’ म्हणजे सरळ की-फ्रेम टाकणं. तिथून आलेला माणूस कॅशेचं `Bake` दाबतो, पॅनलमधले खाने करडे पडलेले बघतो आणि काम झालं असं समजून निर्यात करतो. चूक त्याची म्हणता येत नाही. कॅशेच्या बटणाला ‘गोठवा’ अशा अर्थाचा शब्द दिला असता, तर हा घोळ निम्म्याने कमी झाला असता. समर्थक म्हणतात की कापड, धूर, कण सगळीकडे हाच शब्द आहे, खोक्यांसाठी वेगळा का? त्यात तथ्य आहे. पण कापडाची कॅशे आणि खोक्यांची कॅशे यांत फरक आहे: कापडाचा प्रत्येक बिंदू हलतो, त्याला कॅशेशिवाय सहज पर्याय नसतो. खोक्याला जागेचे तीन आणि फिरण्याचे तीन आकडे पुरतात, आणि ते की-फ्रेममध्ये सुखाने मावतात. भरीला एफबीएक्सच्या निर्यात-खिडकीत तिसरं `Bake Animation` आहे. ते असलेलं ॲनिमेशन ठरावीक अंतराने पुन्हा मोजून लिहितं.

दुसऱ्या आज्ञेबद्दलही एक वाद आहे. की-फ्रेम टाकून झाल्या की ती खोक्यांवरचं ‘रिजिड बॉडी’, म्हणजे घट्ट वस्तू, हे लेबल काढून टाकते. वस्तुमान, घर्षण, टकरीचा आकार ही सगळी सेटिंगं जातात. अनेकांना हे नुकसान वाटतं, पण इथे बाजू आज्ञेचीच घ्यावी लागते. लेबल राहिलं असतं, तर त्याच खोक्याला भौतिकी एकीकडे ओढणार आणि की-फ्रेम दुसरीकडे. म्हणून ती आज्ञा चालवण्याआधी फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवायची. कच्चा माल तिच्यात, तयार माल दुसरीत.

एक उदाहरण आकड्यांनिशी बघू. अर्ध्या मीटरची 12 खोकी, सेकंदाला 24 फ्रेमचा वेग आणि 150 फ्रेम. खोक्यांचं माप ऑब्जेक्ट मोडमध्ये ओढून बदललं असेल, तर `Ctrl A` करून स्केल 1 करायचं. टकरीचा आकार मुळात `Convex Hull` असतो, तो `Box` करायचा. दोन खोक्यांत सुरुवातीला केसभर तरी फट हवी. ती एकमेकांत शिरलेली असतील, तर पहिल्याच फ्रेमला इंजिन त्यांना दूर ढकलतं आणि थप्पी फुटल्यासारखी उडते. पडझड पहिल्याच फ्रेमला, काहीही आदळायच्या आत दिसली, की कारण हेच.

जमिनीपासून तळ 2 मीटर उंच असलेलं मोकळं खोकं सुमारे 0.64 सेकंदात, म्हणजे साधारण 15 फ्रेमांत खाली येतं. आदळताना वेग सेकंदाला सव्वासहा मीटर, म्हणजे एका फ्रेमला 26 सेंटिमीटर. पूर्वी गणनेच्या पावलांचं सेटिंग ‘सेकंदाला किती पावलं’ असं होतं आणि मूळ आकडा 60. म्हणजे एका पावलात खोकं 10 सेंटिमीटर उतरायचं. 2.9 मालिकेत त्याची जागा `Substeps Per Frame` ने घेतली, मूळ आकडा 10. आता तेच पाऊल अडीच सेंटिमीटरचं झालं. जुन्या लेखातला 60 किंवा 120 हा आकडा या नव्या खान्यात तसाच भरला, तर गणना कारण नसताना कित्येक पट जड होते.

मग कॅशेचा शेवट बघायचा. तो मुळात 250 असतो. दृश्य 400 फ्रेमचं असेल आणि कॅशे 250च ठेवली, तर 250नंतर खोकी जिथे असतील तिथेच, प्रसंगी हवेत, थांबतात. की-फ्रेमही तशाच पडतात.

सगळी खोकी निवडून आज्ञा अशी:

```
import bpy
bpy.context.scene.frame_set(1)
bpy.ops.rigidbody.bake_to_keyframes(
    frame_start=1, frame_end=150, step=1)
```

`step` 1च ठेवावं. फाइल हलकी करायच्या मोहाने 5 केलं, की फ्रेम 16 आणि 21 इथे की पडतात. फ्रेम 16ला वरच्या हिशेबातलं खोकं जमिनीपासून आठ-नऊ सेंटिमीटर वर असतं, 21ला टेकलेलं. मधला प्रवास सरळ रेषेत भरला जातो, त्यामुळे आपटणारं लाकडी खोकं पाच फ्रेम घेऊन उशीसारखं अलगद बसतं. आदळण्याचा सगळा जोर त्या गाळलेल्या फ्रेमांत होता. शिवाय आज्ञा शेवटी स्वतःच सफाई करते: शेजारच्या की जवळजवळ सारख्या असतील, तर मधली काढते. त्यामुळे शांत पडून राहिलेल्या खोक्याचा भार मुळात वाढत नाही. थरथरणाऱ्या खोक्याचा मात्र वाढतो. ती थरथर सफाईच्या मर्यादेपेक्षा मोठी असते आणि कायमची वक्रांत बसते. म्हणून ती बेक करण्याआधीच घालवावी. `Deactivation` चालू ठेवलं, तर ठरावीक वेगाखाली दोन सेकंद राहिलेलं खोकं झोपतं. 24 फ्रेमच्या दृश्यात हे 48 फ्रेम होतात, तेवढी शेपटी शेवटी सोडावी लागते.

फ्रेमचा वेगही बेकच्या आधी ठरवायचा, नंतर नाही. की-फ्रेम सेकंदांना नव्हे, फ्रेमच्या क्रमांकांना बांधलेल्या असतात. 24वर बेक करून दृश्य 30वर नेलं, की तीच 15 फ्रेमांची पडझड अर्ध्या सेकंदात उरकते आणि गुरुत्वाकर्षण दीडपटीहून जास्त झाल्यासारखं दिसतं.

अलीकडचा इतिहास मुख्यतः निर्यातीचा आहे. एफबीएक्स फिरण्याचे कोन तीन अक्षांवर लिहितं आणि की विरळ करण्यासाठी `Simplify` मुळात 1.0 ठेवतं. गडगडणाऱ्या खोक्यांसाठी ते 0 करावं. ब्लेंडरमध्ये एका हालचालीच्या की-फ्रेमच्या गठ्ठ्याला ॲक्शन म्हणतात; तिथलं `All Actions` बंद नसेल, तर एका खोक्याची हालचाल दुसऱ्यालाही लावून पाहिली जाते आणि 12 खोक्यांतून नको तितक्या क्लिप तयार होतात. 2017मध्ये आलेल्या जीएलटीएफ 2.0ने फिरणं चार आकड्यांच्या क्वाटर्नियनमध्ये घेतलं, त्यामुळे मधल्या फ्रेमांत खोकं उलटी गिरकी घेण्याचा त्रास बराच कमी झाला. आपल्या 12 खोक्यांचा एकही की न गाळता केलेला ऐवज सुमारे 50 किलोबाइट होतो.

जीएलटीएफमधली अडचण वेगळी होती. बेक केल्यावर प्रत्येक खोक्याला स्वतःची ॲक्शन मिळते, आणि जीएलटीएफमध्ये ती 12 वेगळ्या ॲनिमेशनांच्या रूपाने जायची. बघणाऱ्याने एक चालवलं की एकच खोकं पडणार, बाकीची अकरा तटस्थ. बराच काळ यावर उपाय म्हणजे प्रत्येक ॲक्शन एनएलए या ॲनिमेशनचे ट्रॅक मांडायच्या संपादकात ढकलून ट्रॅकना एकच नाव देणं. ब्लेंडर 3.6पासून निर्यात-खिडकीतच `Active actions merged` आणि `Scene` हे पर्याय आले. 2025च्या 4.4मध्ये ॲक्शनला स्लॉट मिळाले आणि अनेक खोक्यांची हालचाल एका ॲक्शनमध्ये ठेवणं शक्य झालं. बेकची आज्ञा मात्र अजून ती गोळा करून देत नाही, म्हणून निर्यातीआधी `Active actions merged` किंवा `Scene` यांपैकी एक पर्याय हाताने निवडावाच लागतो.