बॅटरी बदलायची की डॉक घ्यायचा? डीएस४ कंट्रोलरचं दुखणं ओळखताना

पीएस४चा कंट्रोलर, म्हणजेच ड्युअलशॉक ४ ऊर्फ डीएस४, तासाभरात मान टाकायला लागला की दोन सल्ले मिळतात. एक जण म्हणतो बॅटरी टाका, दुसरा म्हणतो डॉक, म्हणजे कंट्रोलर ठेवून चार्ज करायचं स्टँड, घ्या. दोन्ही वस्तू पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन सहज मिळतात, त्यामुळे जी आधी दिसेल ती घेतली जाते. पण दोन्हींचं काम वेगळं आहे. डॉक फक्त ५ व्होल्ट पुरवतो. किती करंट घ्यायचा आणि कधी थांबायचं हे कंट्रोलरच्या आतलं सर्किट ठरवतं. त्यामुळे थकलेली बॅटरी महागातल्या महाग डॉकवर ठेवली तरी थकलेलीच राहते.

म्हणून आधी घरीच तपासून बघा. कंट्रोलर पूर्ण उतरू द्या, मग धड चालणारी केबल लावून रेस्ट मोडमध्ये चार्ज करा. पिवळसर दिवा मंद लुकलुकत राहतो आणि चार्ज पूर्ण झाला की विझतो. चांगल्या बॅटरीला साधारण दोन तास लागतात. दिवा पाऊण तासातच विझला आणि खेळताना तासाभरात कंट्रोलर बंद पडला, तर बॅटरीची क्षमताच गेली आहे. कमी मावतं म्हणून लवकर भरतं, इतकं सरळ आहे. याला उपाय बॅटरीच.

उलट, रात्रभर लावूनही सकाळी रिकामा, केबल जरा तिरकी धरली की दिवा लागतो आणि सोडली की विझतो, असं असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. आधी केबल बदला. तरी तेच झालं तर मायक्रो यूएसबीचं सॉकेट ढिलं झालंय. इथे डॉक कामाचा, पण त्यातही फसगत आहे. स्वस्त डॉकसोबत एक छोटी पिन येते, ती त्याच ढिल्या सॉकेटात खोचावी लागते. तुम्हाला हवा तो डॉक कंट्रोलरच्या खालच्या बाजूच्या, हेडफोन जॅकशेजारच्या EXT सॉकेटातून चार्ज करणारा. दुकानात खोका उघडून बघा: पिन सुटी आहे की डॉकच्या खाचेत बसवलेली आहे?

बॅटरीच घ्यायची ठरली तर कंट्रोलरच्या मागचा मॉडेल नंबर वाचा. CUH-ZCT1 आणि CUH-ZCT2 यांच्या बॅटऱ्या दिसायला सारख्या, पण नव्या ZCT2चा कनेक्टर लहान आहे. लेबल पुसलं असेल तर टचपॅड बघा. वरच्या कडेला प्रकाशाची बारीक रेघ दिसत असेल तर तो ZCT2. मूळ बॅटरी १००० एमएएचची. त्याच आकारात २००० लिहिलेली दिसली तर जरा हिशेब करा. कंट्रोलरवरच ५ व्होल्ट, ८०० मिलीअँपिअर असं छापलेलं असतं, म्हणजे २००० भरायला कमीत कमी अडीच तास हवेत. ती बॅटरी दोन तासांत पूर्ण भरली, तर स्टिकरवरचा आकडा फक्त स्टिकरवरच आहे.

बसवणं अवघड नाही. मागचे चार स्क्रू लहान फिलिप्स ड्रायव्हरने काढा आणि मागचं कव्हर हळू उचला. झटका देऊ नका. कव्हरला चिकटलेली एक पातळ रिबन केबल मुख्य बोर्डाला जोडलेली असते, ती आधी सोडवायची. मग बॅटरीचा कनेक्टर नखाने किंवा प्लॅस्टिकच्या चिमट्याने सरळ ओढा, वायरी धरून नाही. नवी लावण्याआधी दोन्ही कनेक्टर शेजारी ठेवा: लाल आणि काळी वायर त्याच बाजूंना हवी. उलटी असेल तर बॅटरी परत करा, बळजबरी करू नका. जोडून झाल्यावर कंट्रोलर चालू होतो पण दिवा लागत नाही आणि चार्जही होत नाही, असं झालं तर दहापैकी नऊ वेळा रिबन नीट बसलेली नसते. बॅटरीला शिव्या द्यायच्या आधी कव्हर पुन्हा उघडा.

जुनी बॅटरी फुगलेली असली, कव्हरच्या सांध्यात फट पडली असली, तर हे काहीच तपासत बसू नका. पुन्हा चार्जिंगला लावायची नाही, टोचायची नाही, दाबून आत बसवायची नाही. उघड्या टोकांवर चिकटपट्टी लावून ती ई-कचऱ्यात द्या. घंटागाडीच्या सुक्या कचऱ्यात टाकली आणि गाडीत चेपली गेली तर आग लागू शकते.

पीएस५च्या ड्युअलसेन्सला हेच निदान लागू पडतं. त्याच्या डॉकची संपर्कपट्टी खाली, हेडफोन जॅकच्या दोन्ही बाजूंना असते, त्यामुळे सी-टाइप सॉकेट गेलं तरी डॉक चालतो. उघडायला मात्र तो बराच किचकट आहे. काही स्क्रू एल१ आणि आर१ बटणांखाली दडवलेले असतात. हात सराईत नसेल तर मजुरी देऊन करून घेतलेलं बरं.