वेळापत्रकावरची कालावधीची उदाहरणं (इयत्ता चौथी)

एखादी गोष्ट कधी सुरू झाली आणि कधी संपली हे माहीत असताना मधे किती वेळ गेला ते शोधायचं, याला कालावधी काढणं म्हणतात. चौथीच्या गणितात हे शाब्दिक उदाहरणांतून येतं आणि त्यासाठी बसचं, ट्रेनचं किंवा शाळेचं वेळापत्रक दिलेलं असतं. सुरुवात, शेवट आणि कालावधी या तीनपैकी कुठल्याही दोन गोष्टी देऊन तिसरी विचारता येते. वेळापत्रक आलं की आणखी एक काम वाढतं, कारण तक्त्यात वेळा भरपूर असतात आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या दोन घ्यायच्या हे मुलालाच ठरवावं लागतं.

मुलं अडकतात ती मुख्यतः वजाबाकीत. ८:५० ला सुटलेली बस १०:०५ ला पोचली, किती वेळ लागला? बरीच मुलं १००५ मधून ८५० वजा करतात, १५५ येतात आणि उत्तर लिहितात १ तास ५५ मिनिटं. खरं उत्तर १ तास १५ मिनिटं. इथे बघा, उत्तर दिसायला अगदी बरोबर वाटतं, मिनिटं साठच्या आतच आहेत, त्यामुळे मुलाला शंकाच येत नाही. चूक एवढीच की मिनिटं कमी पडली म्हणून तासांकडून एक उसना घेतला तेव्हा त्याचे १०० धरले, आणि तासाची मिनिटं तर ६०. म्हणून या चुकीत उत्तर नेहमी बरोबर ४० मिनिटांनी जास्त येतं आणि वही तपासताना ती लगेच ओळखता येते. दुसरी चूक याच्याहून वेगळी आहे: ०५ मधून ५० जात नाहीत म्हणून मूल उलटं ५० मधून ५ काढतं, १० मधून ८ काढतं, आणि २ तास ४५ मिनिटं लिहितं. दोन्ही उत्तरं चूकच, पण पहिल्या मुलाला उसना घेणं जमतंय, त्याला फक्त साठ आठवून द्यायचे आहेत, दुसऱ्याला मात्र वजाबाकीच परत समजवावी लागेल, म्हणून नुसती लाल फुली मारून भागत नाही. आणि ९:१० ते ११:४० असं उसना न लागणारं उदाहरण असेल तर दोघंही बरोबर सोडवतात! त्यामुळे सगळी उदाहरणं तसलीच दिली तर चूक कधी वर येतच नाही.

माझ्या मते चौथीच्या वयाला उभ्या मांडणीपेक्षा उड्यांची पद्धत जास्त सोपी पडते. एक आडवी रेघ काढायची, डाव्या टोकाला सुरुवातीची वेळ, उजव्या टोकाला शेवटची, आणि पुढच्या पूर्ण तासापर्यंत पहिली उडी, मग पूर्ण तासांची एक मोठी उडी, शेवटी उरलेल्या मिनिटांची. ८:५० वरून ९:०० ला १० मिनिटं, ९:०० वरून १०:०० ला १ तास, तिथून ५ मिनिटं, झाले १ तास १५ मिनिटं. उसना घ्यायची वेळच येत नाही. उभ्या मांडणीनेच करायचं असेल तर आधी १० तास ५ मिनिटं म्हणजे ९ तास ६५ मिनिटं असं लिहून घ्यायचं आणि मगच वजा करायचं.

आता ट्रेनचं एक उदाहरण नीट बघू. गाडी पहिल्या स्टेशनवरून ९:४५ ला सुटते, दुसऱ्यावर १०:२० ला येते आणि १०:२५ ला सुटते, तिसऱ्यावर १२:५० ला येते, १२:५५ ला सुटते आणि शेवटच्या स्टेशनला १४:१० ला पोचते. प्रश्न १: पूर्ण प्रवासाला किती वेळ लागतो? ९:४५ ते १०:०० ही १५ मिनिटं, १०:०० ते १४:०० हे ४ तास, वर १० मिनिटं, म्हणजे ४ तास २५ मिनिटं. प्रश्न २: गाडी प्रत्यक्ष किती वेळ धावते? इथे येण्याची आणि सुटण्याची वेळ वेगळी का लिहितात हे कळलेलं असावं लागतं. धावण्याचे तीन तुकडे आहेत, ३५ मिनिटं, २ तास २५ मिनिटं आणि १ तास १५ मिनिटं, बेरीज ४ तास १५ मिनिटं. दोन थांबे ५-५ मिनिटांचे, त्यांची १० मिनिटं मिळवली की परत ४ तास २५ मिनिटं येतात, म्हणजे ताळा जुळला. तो जुळला नाही तर मुलाने बहुतेक कुठल्यातरी तुकड्याला सुटण्याच्या जागी येण्याची वेळ घेतलेली असते.

१४:१० हे चोवीस तासांचं लिखाण आहे, दुपारचे २:१०. दुपार ओलांडताना ते सोयीचं पडतं कारण वजाबाकी सरळ होते. रात्री १२ ओलांडताना मात्र तेही पुरत नाही. गाडी २२:४० ला सुटून दुसऱ्या दिवशी ५:१५ ला पोचत असेल तर मुलं ५:१५ लहान म्हणून उलटी वजाबाकी करतात. तिथे दोन तुकडे करायचे, २४:०० पर्यंत १ तास २० मिनिटं, आणि पुढचे ५ तास १५ मिनिटं, एकूण ६ तास ३५ मिनिटं.

शाळेच्या वेळापत्रकात अडचण मोजण्याची असते. तास ३५ मिनिटांचे, शाळा ११:०० ला भरते, तीन तासांनंतर १२:४५ ते १:१५ मधली सुट्टी. दुसऱ्या तासाच्या सुरुवातीपासून चौथ्या तासाच्या शेवटापर्यंत किती वेळ? ४ वजा २ म्हणजे २ तास, ७० मिनिटं, असं उत्तर सर्रास येतं. पण दुसरा, तिसरा, चौथा असे तास तीन आहेत, १०५ मिनिटं, आणि मधली सुट्टीही यातच येते, ती धरून १३५, म्हणजे २ तास १५ मिनिटं. त्यात ‘तास’ हा शब्द शाळेत दोन अर्थांनी येतो, ३५ मिनिटांचा तास आणि ६० मिनिटांचा तास, त्यामुळे इथे प्रश्न लिहितानाच ‘तासिका’ म्हटलेलं बरं.

बसच्या उदाहरणात बरेचदा मागे जायचं असतं. १०:३० ला शाळेत पोचायचंय, बसला ३५ मिनिटं लागतात आणि स्टॉपवरून चालायला १०, बस ९:१५, ९:३५ आणि ९:५० ला आहेत. १०:३० च्या ४५ मिनिटं आधी म्हणजे ९:४५. त्याच्या सगळ्यात जवळची बस ९:५० ची म्हणून मुलं तीच निवडतात, पण ती घेतली तर पोचेपर्यंत १०:३५ होतात, ९:३५ चीच घ्यावी लागते. उत्तरातल्या बसपासून परत पुढे मोजून बघायला सांगितलं की ही चूक मुलाची मुलालाच सापडते.

एक भाषेची गोष्टही लक्षात ठेवायला हवी. आपण पावणेदहा म्हणतो तेव्हा ९:४५ असतं, पण दहा ऐकून मुलं १०:४५ किंवा १०:१५ लिहितात. तसंच दीड तास म्हणजे १ तास ३० मिनिटं आणि अडीच तास म्हणजे २ तास ३० मिनिटं, हे आकड्यात उतरवता आलं नाही तर पुढचं गणित कितीही नीट केलं तरी उत्तर चुकतं, आणि मग मुलाला वजाबाकी येत नाही असं उगाच वाटतं.