एकाच उताऱ्याला ९४ आणि २२: दोन एआय-डिटेक्टरांपैकी कोणाचं ऐकायचं?

वाशीतल्या एखाद्या कॉलेजातली एम.कॉम.ची विद्यार्थिनी धरू. प्रोजेक्टचा विषय तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधली आवक. इंग्रजीत लिहिलेलं पहिलं प्रकरण ३९० शब्दांचं, त्यात १८ वाक्यं. गाइडने ते एका डिटेक्टरमध्ये टाकलं तर आकडा आला ९४ टक्के. मुलीने घरी दुसऱ्यात टाकलं, तिथे आले २२ टक्के. आता गाइड म्हणणार ९४ खरे, मुलगी म्हणणार २२ खरे, आणि कोणीतरी मध्यममार्गी दोघांची सरासरी काढून ५८ वर तडजोड करणार. तिन्ही चूक. हे दोन आकडे एकाच गोष्टीचं माप नाहीतच.

पहिला ९४ म्हणजे खात्री. 'हा मजकूर मशीनने लिहिला आहे' असं म्हणायला आपण किती ठाम आहोत, हे तो डिटेक्टर सांगतो आहे. जीपीटीझिरोसारख्या साधनांचा ठळक आकडा या जातीचा असतो. उताऱ्यातला ९४ टक्के भाग मशीनचा, असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरा २२ म्हणजे हिस्सा. हा डिटेक्टर मजकुराचे एकमेकांवर चढलेले तुकडे करतो, प्रत्येक वाक्याला गुण देतो आणि किती मजकूर मशीनचा वाटला ते मोजतो. १८ पैकी ४ वाक्यं त्याने मशीनची म्हणून रंगवली, म्हणून २२ टक्के. कॉलेजांत वापरल्या जाणाऱ्या टर्निटिन या तपासणी-साधनाचा एआय-आकडा या जातीचा आहे. थर्मामीटरवरचा ताप आणि नाडीचे ठोके यांची तुलना करून कोणता आकडा मोठा हे कोणी विचारत नाही. इथे मात्र दोन्हींपुढे टक्क्याचं चिन्ह असल्यामुळे सगळे फसतात. (यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतली १० टक्क्यांची मर्यादा यात ओढू नका. ती दुसऱ्याच्या छापील मजकुराशी असलेल्या साम्याची आहे, एआयची नाही. कॉलेजांत ही गल्लत सर्रास होते.)

म्हणजे दोन्ही आकडे एकाच वेळी बरोबर असू शकतात का? असू शकतात, आणि तपासायला पाच मिनिटं लागतात. दुसऱ्या डिटेक्टरने रंगवलेली चार वाक्यं बघा. ती प्रकरणाच्या अगदी सुरुवातीची निघाली: शेती हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा आहे, बाजार समित्या महत्त्वाची भूमिका बजावतात, या छापाची. ही साधारण ८० शब्दांची चार वाक्यं कापून उरलेले ३१० शब्द पहिल्या डिटेक्टरला पुन्हा द्या. आकडा ९४ वरून ३० च्या आसपास आला, तर त्याची सगळी खात्री त्या चार वाक्यांवर उभी होती. गाळे, आडत, तोलाई, माथाडी कामगारांच्या पाळ्या हा पुढचा मजकूर त्याला फारसा खटकलाच नव्हता. उलट, कापल्यावरही आकडा ९० च्या वर राहिला तर भांडण खरं आहे: दोन डिटेक्टरांचं त्या उरलेल्या मजकुराबद्दल वेगळं मत आहे, आणि मग आत काय चाललं आहे ते पाहावं लागतं.

या प्रयोगात एक खबरदारी. उरलेला मजकूर ३०० शब्दांच्या खाली जाऊ देऊ नका. टर्निटिन तर ३०० शब्दांपेक्षा कमी गद्य असेल तर आकडाच देत नाही. लहान मजकुरात दोन-तीन वाक्यांनी पारडं फिरतं. म्हणून नुसती ती ८० शब्दांची चार वाक्यं डिटेक्टरमध्ये टाकून 'बघा, शंभर टक्के' म्हणणं निरर्थक आहे. तसंच मथळे, तक्ते, संदर्भसूची आणि मुद्द्यांच्या याद्या दोन्हीकडून आधी काढा. एक साधन त्या मोजतं, दुसरं गाळतं, आणि फरकाचा मोठा भाग कधी कधी तेवढ्यातच असतो.

आता आतलं यंत्र. जुन्या धाटणीचे डिटेक्टर मुख्यतः एकच प्रश्न विचारतात: पुढचा शब्द ओळखणं किती सोपं होतं? एखादं भाषा-मॉडेल मजकूर वाचत जातं आणि प्रत्येक शब्दापाशी किती चकित झालं ते मोजतं. याला पर्प्लेक्सिटी म्हणतात. चकित होणं कमी म्हणजे मशीनचा संशय जास्त. यात दोन भोकं आहेत. एक, वाचणारं मॉडेल बदललं की माप बदलतं. त्यामुळे एकाच तत्त्वावरचे दोन डिटेक्टरही वेगळं बोलतात. दोन, जो मजकूर साचेबद्ध किंवा पाठ झालेला आहे तो माणसाने लिहिला असला तरी सोपाच वाटतो. अमेरिकेची राज्यघटना १७८७ साली लिहिली गेली, तरी अशा डिटेक्टरांनी ती एआयची ठरवली आहे. कारण उघड आहे: ती इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की मॉडेलला जवळजवळ तोंडपाठ आहे.

दुसऱ्या प्रकारचे डिटेक्टर शिकवलेले वर्गीकारक असतात. त्यांना माणसांचे आणि मशीनचे हजारो नमुने दाखवून फरक शिकवलेला असतो. ओळखीच्या प्रकारच्या मजकुरावर ते चांगले चालतात. पण शिकवणीत जे नव्हतं त्यावर, म्हणजे नवीन मॉडेल, वेगळा विषय, वेगळी इंग्रजी, ते आत्मविश्वासाने चुकतात. ९४ हा आकडा ठाम दिसतो, पण असा ठामपणा अनोळखी मजकुरावरही येतो.

आपल्याकडच्या इंग्रजीला हे फार लागू पडतं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांचे ९१ टोफेल निबंध सात डिटेक्टरांना दिले. माणसांनीच लिहिलेल्या त्या निबंधांना एआयचं ठरवण्याचं सरासरी प्रमाण ६१ टक्के निघालं. अमेरिकी आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले गेले. शब्दसंग्रह मर्यादित आणि वाक्यं सुरक्षित, की पर्प्लेक्सिटी उतरते. तेव्हाचे डिटेक्टर आज बदलले असतील, पण ऐरोलीतल्या मराठी माध्यमातून आलेल्या मुलीने गाइडबुकातून शिकलेलं 'महत्त्वाची भूमिका बजावतात' हे वाक्य अजूनही तसंच सोपं आहे.

मग विश्वास कोणावर? मोठ्या आकड्यावर नाही, लहान आकड्यावरही नाही. ज्या डिटेक्टरच्या चुका तुमच्याच प्रकारच्या मजकुरावर मोजल्या गेल्या आहेत त्याच्यावर. कंपनीने जाहीर केलेली अचूकता तिने निवडलेल्या नमुन्यांवरची असते. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा वर्गीकारक आणला तेव्हा प्रामाणिकपणे सांगितलं होतं की मशीनच्या मजकुरापैकी तो २६ टक्केच पकडतो आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घेतो. त्याच वर्षी जुलैत अचूकता कमी म्हणून तो मागे घेतला.

हे मोजमाप कॉलेजला स्वतः करता येतं. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. त्याआधीच्या, म्हणजे २०१८ ते २०२१ च्या, त्याच विभागातल्या प्रोजेक्टांच्या फाइली बहुतेक ठिकाणी कुठल्यातरी कपाटात किंवा जुन्या हार्ड डिस्कवर असतात. त्यातली ३० प्रस्तावना-प्रकरणं काढा, नावं पुसा, दोन्ही डिटेक्टरांतून पाठवा. यातलं काहीही आजच्या चॅटबॉटने लिहिलेलं असणं शक्य नाही, म्हणून जे रंगेल ते सगळं खोटा आळ. पहिल्याने ३० पैकी ७ पकडली आणि दुसऱ्याने एकही पकडलं नाही, तर तुमच्या कॉलेजपुरतं उत्तर मिळालं. मात्र 'एकही नाही' म्हणजे शून्य नव्हे. ३० नमुन्यांत चूक शून्य आली तर खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंतही असू शकतं. ३ भागिले नमुन्यांची संख्या, हा ढोबळ हिशोब. १ टक्क्याची खात्री हवी असेल तर ३०० प्रकरणं लागतील. फाइली स्कॅन केलेल्या असतील तर चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या ओसीआरच्या चुका आधी दुरुस्त करा, नाहीतर वाकड्या अक्षरांमुळे मजकूर मुद्दाम 'मानवी' दिसेल आणि डिटेक्टर उगाच चांगला ठरेल.

टक्के छोटे वाटतात, म्हणून एक हिशोब. विभागात २०० प्रोजेक्ट आहेत, ३० खरोखर मशीनचे, १७० मुलांचे स्वतःचे. डिटेक्टर मशीनचे ८० टक्के पकडतो आणि ५ टक्के खोटा आळ घेतो. पकडलेले २४, खोटे आळ ८ किंवा ९. म्हणजे बोलावलेल्या साधारण ३३ मुलांपैकी चौघांत एक निर्दोष. दोन डिटेक्टर सहमत झाले तरी हा धोका वाटतो तितका घटत नाही, कारण दोघेही सोप्या वाक्यांवरच अडखळत असतील तर ती एकच साक्ष दोनदा नोंदवल्यासारखी होते.

मराठी मजकुरासाठी सध्या दोन्ही आकडे बाजूला ठेवलेले बरे. टर्निटिनचं एआय-तपासणं ठराविक भाषांपुरतं आहे आणि त्यांत मराठी नाही. मोफत साधनं मात्र काहीही टाकलं तरी आकडा देतात. जुनी इंग्रजी मॉडेलं देवनागरी अक्षराचे तुकडे करून वाचतात: संगणकात अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं असतं, त्यातला पहिला नेहमी तोच आणि दुसरा दोनच पर्यायांपैकी एक. पुढचा तुकडा ओळखणं त्यामुळे फुकटात सोपं होतं, पर्प्लेक्सिटी खाली येते, आणि तुमचा हाताने लिहिलेला निबंध मशीनचा ठरतो. खात्री करायची असेल तर २०१० सालचं एखादं मराठी परिपत्रक टाकून बघा.

परत तुर्भ्याच्या प्रकरणाकडे. इथे दुसरा डिटेक्टर जास्त कामाचा ठरला. आकडा कमी आला म्हणून नाही, तर बोट कुठे ठेवायचं ते त्याने दाखवलं आणि ते पडताळता आलं म्हणून. पण त्याचे २२ सुद्धा काठावरचे आहेत. चारऐवजी तीन वाक्यं रंगली असती तर १७ टक्के झाले असते, आणि टर्निटिन १ ते १९ च्या दरम्यान आकडा न दाखवता नुसती तारका दाखवतं, कारण त्या पट्ट्यात खोटे आळ जास्त येतात. एका वाक्याच्या फरकावर कारवाईचं पत्र निघू नये. गाइडने मागायचं ते इतकंच: डॉक्युमेंटची व्हर्जन हिस्टरी, मार्केटमध्ये घेतलेल्या नोंदींची वही, आणि समोर बसून दहा मिनिटांत तोलाई कोण करतं व आडत कोणाकडून कापली जाते याचं उत्तर. फाइलवर शेरा मारताना डिटेक्टरचं नाव, तारीख, शब्दसंख्या आणि आकडा खात्रीचा की हिश्श्याचा, हे चारही लिहा. डिटेक्टर न सांगता बदलत राहतात, आणि पुढच्या महिन्यात तोच उतारा तिसराच आकडा देऊ शकतो.