एकच मोटर, दोन पंप: इंपेलर कसा ठरतो?

बेळगावच्या आसपास पंपाला दोन अगदी वेगळी कामं करावी लागतात. निपाणीकडे वेदगंगेच्या काठावरून पाणी वर माळावरच्या उसाला चढवायचं असतं. तिथे पाणी बेताचं लागतं, पण उंची मोठी असते. इकडे वडगाव-शहापूर-येळ्ळूरच्या शिवारात पावसाळ्यात बळ्ळारी नाला फुगला की भाताची खाचरं पाण्याखाली जातात. ते पाणी बांधापलीकडे टाकायचं, म्हणजे उंची जेमतेम आणि पाणी अफाट. दोन्हीकडे बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारला जातो: ‘किती एच.पी.ची मोटर?’ पण या प्रश्नाच्या उत्तरावरून पंप आणि त्यात फिरून पाणी ढकलणारं चाक, म्हणजे इंपेलर, ठरत नाही. का, ते एका हिशेबातून दिसतं.

समजा, माळावर सेकंदाला २५ लिटर पाणी हवं आहे आणि पाइपातलं घर्षण धरून एकूण उंची, म्हणजे हेड, ४० मीटर आहे. खाचरातून सेकंदाला २५० लिटर पाणी काढायचं आहे आणि हेड ४ मीटर आहे. पाणी दहापट, उंची एक दशांश. दोघांचा गुणाकार सारखा, म्हणून पाण्याला द्यावी लागणारी शक्तीही सारखीच, सुमारे ९.८ किलोवॉट. पंपातली गळती-घर्षण धरलं तर दोन्हीकडे १७-१८ एच.पी. लागेल, म्हणजे बाजारात मिळणारी २० एच.पी.ची मोटर पुरेल. दोन्ही मोटरी मिनिटाला १४५० फेऱ्यांच्याच घेऊ. आता फरक कशात उरला? तो दाखवणारा आकडा म्हणजे विशिष्ट गती:

```
nq = N × √Q / H^0.75
```

यात N म्हणजे मिनिटाला फेरे, Q म्हणजे सेकंदाला घनमीटर पाणी (२५ लिटर म्हणजे ०.०२५) आणि H म्हणजे मीटरमधलं हेड. पाणी वाढलं की आकडा वाढतो, उंची वाढली की घटतो. माळावरच्या पंपाचा आकडा येतो सुमारे १४, तर खाचरातल्या पंपाचा सुमारे २५६. मोटर तीच, शक्ती तीच, तरी आकड्यात अठरापट अंतर आहे.

साधारण १० ते ४० या टप्प्यात अरीय, म्हणजे रेडियल इंपेलर चालतो. आपण ज्याला सेंट्रिफ्युगल पंप म्हणतो, त्यात बहुधा हाच असतो. १५०-१६०च्या पुढे अक्षीय, म्हणजे अ‍ॅक्सियल इंपेलर लागतो. मधल्या पट्ट्यात दोन्हींचा मिलाफ असलेला मिक्स्ड फ्लो येतो. या सीमा काटेकोर नाहीत, पुस्तकागणिक थोड्या सरकतात. अमेरिकी तक्ता समोर असेल तर मात्र जपा: तिथे गॅलन आणि फूट धरतात, त्यामुळे त्याच पंपाचा आकडा जवळजवळ ५२ पट मोठा दिसतो.

आकार का बदलतो, हे इंपेलर डोळ्यांसमोर आणल्यावर कळतं. रेडियल इंपेलरमध्ये पाणी मधल्या तोंडातून शिरतं आणि कडेला फेकलं जातं. कडेचा वेग मध्यापेक्षा खूप जास्त असतो आणि वेगाच्या या वाढीतूनच बराचसा दाब तयार होतो. ४० मीटर हेडसाठी कडेचा वेग सेकंदाला साधारण २८ मीटर लागतो. १४५० फेऱ्यांवर तो मिळवायला चकती सुमारे ३७ सेंटिमीटर व्यासाची हवी. पाणी मात्र थोडंच, म्हणून कडेला पाणी बाहेर पडायची फट जेमतेम ९ मिलिमीटर. आता याच चकतीतून २५० लिटर पाणी काढायचा विचार करून बघा. त्या फटीतून ते जाणारच नाही.

अ‍ॅक्सियल इंपेलर छताच्या पंख्यासारखा असतो: पाणी दांड्याच्या दिशेने शिरतं आणि त्याच दिशेने पुढे जातं. ते मध्यापासून कडेकडे सरकत नाही, म्हणून वेगाच्या वाढीतून मिळणारा दाब इथे नाही. पाती पाण्याला वळवतात, तेवढाच दाब मिळतो, आणि ४ मीटरला तो पुरतो. आपल्या खाचरातल्या पंपाचा हा पंखा सुमारे ३२ सेंटिमीटर व्यासाचा होईल, म्हणजे आकाराने त्या चकतीच्या जवळपासच. पण मधला गाभा १५ सेंटिमीटरचा धरला तर भोवती साडेआठ सेंटिमीटरची मोकळी वाट राहते. एकीकडे ९ मिलिमीटर, दुसरीकडे ८५!

चुकीचा पंप लावला तर? समजा माळावरचाच पंप आणून खाचरात लावला. उंची कमी मिळाल्यामुळे तो थोडं जास्त पाणी देईल, फार तर ३५ लिटरच्या आसपास. एक हेक्टर खाचरात ३० सेंटिमीटर पाणी साचलं असेल तर ते ३,००० घनमीटर होतं. ते काढायला या पंपाला जवळजवळ चोवीस तास लागतील. २५० लिटरच्या अ‍ॅक्सियल पंपाला तीन तास वीस मिनिटं पुरतात. रोप बुडून किती तास तग धरतं, यावर पीक ठरत असताना हा फरक फार मोठा आहे. शिवाय रेडियल पंप आपल्या ठरलेल्या पाण्यापेक्षा जास्त ओढतो तेव्हा मोटर जास्त अँपिअर घेते. तोंडाशी दाब खाली जातो, पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटतात आणि आतून खडे खळखळल्यासारखा आवाज येतो. तो आवाज काही दिवस ऐकू आला की इंपेलरच्या पात्यांवर खड्डे पडलेलेच समजा.

माळावरच्या पंपाचा आकडा १४ आला, तो चालतो पण फार चांगला नाही. एवढा खाली आकडा म्हणजे मोठी चकती आणि अरुंद वाट. चकतीच्या दोन्ही बाजू पाण्यात घासून शक्ती खातात. तीच मोटर २९०० फेऱ्यांची घेतली तर आकडा २९ होतो आणि चकती निम्म्या व्यासाची पुरते. हे घर्षण फेऱ्यांच्या तिसऱ्या घाताने वाढतं, पण व्यासाच्या पाचव्या घाताने घटतं. म्हणून ते चौथ्या हिश्शावर येतं. जास्त फेऱ्यांत चोषण-बाजू जपावी लागते, पंप पाण्याच्या पातळीजवळ हवा, ही अट राहतेच.

बोअरवेलमध्ये वेगळीच वाट काढलेली असते. अथणीच्या कोरड्या भागात १२० मीटरवरून सेकंदाला ५ लिटर पाणी काढायचं, २९०० फेरे. एकाच इंपेलरने करायचं म्हटलं तर आकडा ६ च्याही खाली येतो, म्हणजे कामाचा नाही. दहा टप्पे केले, म्हणजे एकामागोमाग दहा इंपेलर बसवले, की प्रत्येकाच्या वाट्याला १२ मीटर येतात आणि आकडा ३२ होतो. सबमर्सिबल पंप तसा लांबलचक असतो तो म्हणूनच. सूत्रात H घालताना एका टप्प्याचं हेड घालायचं, सगळं नव्हे.

चालवण्यात मात्र दोन्ही पंपांची रीत उलट आहे. रेडियल पंपाचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद असताना मोटरवर भार सर्वात कमी असतो. म्हणून तो व्हॉल्व्ह बंद ठेवून सुरू करतात आणि मग हळूहळू उघडतात. अ‍ॅक्सियल पंपात व्हॉल्व्ह बंद असताना भार सर्वात जास्त, कधी नेहमीच्या दुप्पटही. सवयीने तसा सुरू केला तर ओव्हरलोड रिले ट्रिप होतो, आणि रिले नीट लावलेला नसेल तर मोटर जळून रिवाइंडिंगला जाते. अ‍ॅक्सियल नेहमी व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच सुरू करायचा.

हीच गोष्ट पुराच्या दिवशी आडवी येते. बांधाबाहेर नाल्याची पातळी चढली की ४ मीटरचं हेड ६ होतं. अ‍ॅक्सियल पंपाचं पाणी घसरतं, पंप थरथरू लागतो आणि अँमीटरचा काटा वर जातो. नेमका गरजेच्या वेळी तो ट्रिप होऊ नये, यासाठी पंप घेताना नेहमीचं हेड नव्हे, तर पुरातलं सर्वात मोठं हेड विक्रेत्याला सांगायचं आणि पंपाच्या आलेखावर त्या हेडला किती पाणी येतं, ते लिहून घ्यायचं.