पीसीओएस आणि वजनांचा व्यायाम: नाव नोंदवण्याआधी वाचा

पीसीओएस असलेल्या बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन कमी नसतं, उलट भरपूर असतं. शरीर त्याला दाद देत नाही, ही खरी अडचण. मग स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि ते जादा इन्सुलिन अंडाशयांना पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. लांबणारी पाळी, हनुवटीवरचे केस, मुरुम यांच्याशी त्याचा असा संबंध आहे.

जेवणानंतर इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली सर्वांत जास्त साखर उचलतात ते स्नायू. स्नायू जोर लावतो तेव्हा साखर आत घेण्याची त्याची दारं इन्सुलिनशिवायही उघडतात. व्यायाम संपल्यावर रिकामा झालेला साखरेचा साठा भरून काढायचा असतो, म्हणून तोच स्नायू इन्सुलिनचं ऐकूही लागतो. हा परिणाम साधारण एक ते दोन दिवस टिकतो, नंतर ओसरतो. त्यामुळे रविवारी दोन तास घाम गाळून आठवडाभर सुट्टी घेण्यात फारसा अर्थ नाही. आम्ही सोमवार आणि गुरुवार देतो. जमत असेल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधल्या दिवशी भरभर चालावं. (पीसीओएसच्या 2023 सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही आठवड्यातून दोन दिवस, लागोपाठ नसलेले, स्नायूंच्या व्यायामासाठी सांगतात.)

एका वेळी चारच व्यायाम: डंबेल छातीशी धरून बैठक, पाठ सरळ ठेवून कमरेतून वाकत उचलायचं डेडलिफ्ट, बाकावर एक हात टेकून दुसऱ्या हाताने ओढायचा रो आणि उंच बाकावर हात टेकून जोर. मांड्या, नितंब, पाठ, छाती हे मोठे स्नायू, साखर तिथेच जास्त मावते. पोटाचे शंभर क्रंचेस मारून पोटावरची चरबी उतरत नाही आणि साखरेचंही फारसं काही होत नाही.

प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, सेटमध्ये 8 ते 12 वेळा, मध्ये दीड ते दोन मिनिटं विश्रांती. सेट थांबवताना ‘अजून दोनदा जमलं असतं, तिसऱ्यांदा नाही’ असं वाटलं पाहिजे. गप्पा मारत 25 वेळा होत असेल तर वजन हलकं आहे. विश्रांती टाळून धावपळीत सेट उरकले तर स्नायू दमायच्या आधी दम लागतो आणि वजन वाढवताच येत नाही.

वहीत कसं लिहायचं, ते बैठकीवरून बघा. समजा, दुसऱ्या आठवड्यात 8 किलोच्या डंबेलने एके दिवशी 11, 9, 8 झाल्या. वजन तेच ठेवा. पुढच्या काही दिवसांत 12, 11, 9, मग 12, 12, 11 असं होत जाईल. तिन्ही सेट 12 चे झाले की पुढच्या वेळी 10 किलो घ्या. आकडा पुन्हा 9, 8, 8 वर येईल. ही पीछेहाट नव्हे, असंच व्हायला हवं. दोन-तीन आठवडे आकडे हलले नाहीत तर बहुतेक वेळा झोप किंवा जेवण कमी पडत असतं. आधी ते सांगा, व्यायाम बदलायची घाई नको.

‘अंग दुखलं म्हणजे लागू पडलं’ हा समज सोडा. जिना उतरता येऊ नये इतके स्नायू दुखावले तर ते भरून येईपर्यंत इन्सुलिनला उलट कमी दाद देतात. म्हणून पहिल्या आठवड्यात आम्ही दोनच सेट करून घेतो, अगदी तुम्हाला हुरूप असला तरीही. खूप दुखण्यासोबत लघवी चहाच्या रंगाची झाली तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

नुसत्या मेटफॉर्मिनने साखर एकदम खाली जाण्याची शक्यता फारच कमी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर मात्र ती जाऊ शकते. व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा आणि ग्लुकोज जवळ ठेवा. कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका.

वजनकाटा पहिले तीन महिने जवळपास हलणार नाही, असं धरून चाला. बेंबीच्या पातळीवर कमरेचा घेर महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून मोजा. एचबीए1सीमध्ये रक्तातल्या साखरेची मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, त्यामुळे ती तपासणी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून काही कळत नाही. पाळी नियमित होईलच असं आम्ही सांगत नाही. काहींची होते, काहींची नाही. तीन महिने पाळी आलीच नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, कारण गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहणं चांगलं नाही आणि त्यावर व्यायाम हा इलाज नाही.

पहिल्या दिवशी येताना चालू गोळ्यांची यादी आणि सपाट तळाचे बूट आणा. वही इथे मिळेल.